एकाच स्कॅन पानावरची चार कोष्टकं वेगवेगळ्या शीटवर कशी काढायची?

प्रश्न : भाऊ, आम्ही यवतमाळ जिल्ह्यात कास्तकारांची उत्पादक कंपनी चालवतो. तालुक्याचा साप्ताहिक खरीप अहवाल स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये येतो. एकाच पानावर पाऊस, पेरणी, खतसाठा आणि धरणातलं पाणी अशी चार कोष्टकं असतात. एक्सेलमध्ये घेतलं की सगळी एकमेकांत मिसळतात. प्रत्येक कोष्टक वेगळ्या शीटवर, नीट नाव देऊन कसं घ्यायचं?

उत्तर : आधी चित्र कापा, मग अक्षरं वाचून घ्या. सगळी गडबड हा क्रम उलटा केल्यामुळे होते. पूर्ण पान अक्षर-ओळखीला दिलं की सॉफ्टवेअर ते डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ वाचतं. तुमच्या पानावर डावीकडे पेरणी आणि उजवीकडे खतसाठा शेजारी शेजारी असेल, तर कापसाची ओळ युरियाच्या ओळीला चिकटते आणि आठ रकान्यांची एकच ओळ तयार होते. ही ओळ दिसायला अगदी व्यवस्थित असते, म्हणून चूक पटकन लक्षातही येत नाही. ती बहुधा खालच्या टोकाला उघडी पडते. पेरणीच्या कोष्टकात पिकं सहा आणि खतं पाच असली, की शेवटची ओळ अर्धी राहते. अशी अर्धी ओळ दिसली तर दोन कोष्टकं जोडली गेली आहेत असं धरून चाला.

टॅब्युला, कॅमेलॉट किंवा एक्सेलमधलं पीडीएफवरून डेटा घेण्याचं साधन इथे कामाचं नाही. ही साधनं पीडीएफमध्ये दडलेला मजकूर वाचतात. तुमच्या स्कॅनमध्ये मजकूर नसतो, नुसता फोटो असतो. माउसने एखादा शब्द निवडून पाहा. निवडला गेला नाही तर तो फोटो आहे. खाली वापरलेलं पीडीएफचं चित्र करणारं पॉपलर, चित्र कापणारं इमेजमॅजिक आणि अक्षरं वाचणारं टेसरॅक्ट ही साधनं फुकट आहेत आणि एकदा बसवली की इंटरनेट नसलं तरी चालतात, त्यामुळे नेट गेलं म्हणून काम अडत नाही.

कापण्याआधी पान हातात घ्या

संगणक उघडण्याआधी पानाची एक छापील प्रत काढा आणि पेन्सिलीने प्रत्येक कोष्टकाभोवती चौकट आखा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं. चौकट आखताना कोष्टकाचं शीर्षक चौकटीच्या आत घ्यायचं. शीर्षक कधी कोष्टकाच्या वर सुटं असतं, तर कधी पहिल्याच ओळीत सगळे रकाने एकत्र करून लिहिलेलं असतं.

तुमच्यासारख्या पानावर चारऐवजी सहा चौकटी निघतात. पाचवी चौकट पानाच्या डोक्याची : तालुका, हंगाम, अहवालाची तारीख. सहावी पायाची : टिपा. या दोन चौकटी कोणत्याच एका कोष्टकाच्या नाहीत, पण चारही कोष्टकांना लागू होतात. लोक चार कोष्टकं कापतात आणि या दोन टाकून देतात. मग दोन महिन्यांनी ‘खतसाठा’ नावाची शीट उघडली की हा साठा कोणत्या तारखेचा आणि मेट्रिक टनात की गोण्यांत, हे सांगणारं काहीच उरत नाही.

चौथ्या कोष्टकाकडे जास्त लक्ष द्या. धरणांच्या पाण्याच्या कोष्टकाला पुष्कळदा रेघाही नसतात आणि शीर्षकही नसतं. प्रकल्पाचं नाव, क्षमता, आजचा साठा, टक्केवारी एवढेच चार रकाने वरच्या कोष्टकाच्या लगेच खाली सुरू होतात, त्यामुळे ते वरच्याच कोष्टकाचा पुढचा भाग वाटतं. ओळखायची खूण सोपी आहे : रकान्यांची संख्या किंवा एकक बदललं की कोष्टक बदललं. वर हेक्टर आणि खाली दलघमी असेल तर मध्ये रेघ असो वा नसो, कापायचं तिथेच.

पान सरळ करून तुकडे करणं

मूळ स्कॅन किती बारकाईने झालं आहे ते आधी बघा. नंतर पान चित्रात बदला आणि सरळ करा.

```
pdfimages -list ahaval.pdf
pdftoppm -r 300 -png ahaval.pdf pan
magick pan-1.png -deskew 40% +repage saral.png
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात `x-ppi` आणि `y-ppi` असे दोन रकाने दिसतात. ३०० च्या आसपास आकडा असेल तर उत्तम. १५० च्या खाली असेल तर बारीक आकडे वाचताना चुका वाढतात, आणि चित्र मोठं करून गेलेली बारकाई परत येत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या पानाचं नेमकं हेच होतं. पाठवणाऱ्याला ‘फोटो’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, तेवढ्याने खूप फरक पडतो. जुन्या लिनक्सवर `magick` चालत नसेल तर त्या जागी `convert` लिहा.

पान सरळ करणं टाळू नका. अर्ध्या अंशाचा तिरकेपणा डोळ्याला जाणवत नाही, पण पूर्ण रुंदीच्या कोष्टकात उजवीकडचा आकडा डावीकडच्या नावापेक्षा जवळजवळ २० पिक्सेल वर किंवा खाली जातो, आणि ओळी दाट असतील तर तो शेजारच्या ओळीत मोजला जातो. सरळ करताना चित्राचा आकारही थोडा बदलतो. म्हणून कापायची मापं `saral.png` वरूनच घ्यायची, मूळ चित्रावरून घेतलेली मापं चुकतात.

३०० च्या बारकाईने ए-४ पान २४८० पिक्सेल रुंद आणि ३५०८ पिक्सेल उंच होतं. कोणत्याही चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये (जिम्प किंवा विंडोजचा पेंट) कोपऱ्यावर माउस नेला की खाली त्या जागेचे आकडे दिसतात. डावा-वरचा कोपरा नोंदवा, रुंदी-उंची काढा आणि कापा. एका नमुना पानाची मापं अशी :

```
magick saral.png -crop 2200x740+140+420   +repage -bordercolor white -border 20 t1.png
magick saral.png -crop 1090x1140+140+1195 +repage -bordercolor white -border 20 t2.png
magick saral.png -crop 1090x950+1250+1195 +repage -bordercolor white -border 20 t3.png
magick saral.png -crop 2200x680+140+2385  +repage -bordercolor white -border 20 t4.png
```

पहिले दोन आकडे रुंदी आणि उंची, पुढचे दोन डावीकडून आणि वरून अंतर. `t2` म्हणजे डावीकडची पेरणी आणि `t3` म्हणजे उजवीकडचा खतसाठा. दोन्हींचं वरचं अंतर सारखंच आहे, डावीकडचं मात्र वेगळं. `-border 20` ने भोवती पांढरी किनार येते. कडेला चिकटलेली अक्षरं टेसरॅक्टला नीट वाचता येत नाहीत, म्हणून ती हवी. डोकं आणि टिपा यांचेही असेच दोन तुकडे करून ठेवा.

अहवाल दर आठवड्याला त्याच साच्यात येत असेल तर ही मापं एका फाइलमध्ये जपून ठेवा. मात्र प्रत्येक नव्या पानाचे तुकडे उघडून डोळ्याने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. एखाद्या आठवड्यात पावसाच्या कोष्टकात एक मंडळ वाढलं की खालचं सगळं घसरतं, आणि पेरणीच्या तुकड्यातून नेमकी ‘एकूण’ची ओळ कापली जाते.

गोल शिक्का आकड्यांवर पडला असेल तर एक उपाय आहे. शिक्का निळा असला पाहिजे आणि स्कॅन रंगीत असलं पाहिजे. `magick saral.png -channel B -separate nila.png` ही आज्ञा चित्राचा फक्त निळा भाग वेगळा काढते. त्यात निळी शाई फिकी पडते आणि काळी छपाई काळीच राहते. जांभळ्या शिक्क्याला याने किती फरक पडेल ते शाईवर अवलंबून. कृष्णधवल स्कॅनमध्ये हा मार्गच बंद असतो, म्हणून स्कॅन नेहमी रंगीत मागवा.

अक्षरं वाचणं आणि रकाने पुन्हा उभे करणं

एकच पान असेल आणि त्यात शंभर-सव्वाशे खाणी म्हणजे सेल असतील, तर तुकडे समोर ठेवून हाताने टाइप करा. ते लवकरही होतं आणि चुकाही कमी होतात. हाताने लिहिलेल्या आकड्यांसाठी तर दुसरा पर्यायच नाही, कारण टेसरॅक्ट छापील अक्षरांसाठी आहे. पूर्ण हंगामाची पानं साठली असतील तर मात्र पुढची पद्धत फायद्याची ठरते.

```
tesseract --list-langs
tesseract t2.png t2 -l mar+eng --psm 6 tsv
```

पहिल्या आज्ञेच्या यादीत `mar` दिसलं पाहिजे. विंडोजवर बसवताना मराठीची खूण करायची राहिली तर ते दिसत नाही. `--psm 6` चा अर्थ असा की समोर मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे. एकेक कोष्टक कापल्यामुळेच हे खरं ठरतं, पूर्ण पानाला हीच खूण दिली तर पुन्हा कापूस-युरिया एकत्र येतात. शेवटचं `tsv` महत्त्वाचं आहे. त्यामुळे नुसता मजकूर न मिळता प्रत्येक शब्द चित्रात कुठे आहे हेही मिळतं.

ही जागा का हवी? समजा पावसाच्या कोष्टकात एका मंडळाची ‘आजचा पाऊस’ ही खाण रिकामी आहे. साध्या मजकुरात ती जागा नाहीशी होते आणि पुढचा ‘१ जूनपासून एकूण’चा आकडा सरकून आजच्या पावसाच्या जागी येऊन बसतो. त्या मंडळात एका दिवसात दोनशे मिलिमीटर पडल्याचं शीट सांगू लागते. एकेक रकाना वेगळा कापून वाचला तरी हीच अडचण येते, फक्त या वेळी आकडे खालून वर सरकतात. शब्दाच्या जागेवरून रकाना ठरवला तर रिकामी खाण रिकामीच राहते.

`t2.tsv` लिबरऑफिस कॅल्क किंवा एक्सेलमध्ये आयात करताना तीन गोष्टी ठरवा : अक्षरसंच यूटीएफ-८, वेगळं करणारं चिन्ह टॅब, आणि मजकुराभोवतीचं अवतरण चिन्ह ‘काहीही नाही’. तिसरी गोष्ट राहून गेली आणि टेसरॅक्टने एखाद्या डागाला `"` असं वाचलं असेल, तर पुढच्या कित्येक ओळी एकाच खाणीत गिळल्या जातात. शेवटच्या रकान्याला ‘मजकूर’ हा प्रकार द्या, नाहीतर ‘१२/७’सारखी नोंद तारीख होऊन बसते.

आता रकान्यांच्या नावांची पहिली ओळ सोडून `A` रकान्यात ५ नसलेल्या ओळी काढून टाका. त्या शब्दांच्या नाहीत, ठोकळ्यांच्या आणि ओळींच्या आहेत. त्या राहिल्या तर पुढच्या सूत्रात त्यांच्या रिकाम्या मजकुराच्या जागी ० घुसतात. ज्यांचा मजकूर नुसता `|` आहे त्याही काढा, त्या कोष्टकाच्या उभ्या रेघा आहेत.

`G` रकान्यात शब्दाचं डावीकडून अंतर आणि `I` मध्ये रुंदी असते. `H` मध्ये वरून अंतर, `J` मध्ये उंची आणि `L` मध्ये शब्द. `t2.png` उघडून उभ्या रेघा कुठे आहेत ते पाहा आणि प्रत्येक रकान्याची सुरुवात `P1` पासून खाली लिहा. पेरणीच्या नमुना कोष्टकात चार रकाने आहेत, म्हणून `P1:P4` मध्ये 0, 410, 660, 890. तशाच आडव्या ओळींच्या सुरुवाती `Q1` पासून, त्यातही पहिला आकडा 0 ठेवा. मग `M2` आणि `N2` मध्ये अनुक्रमे ही सूत्रं लिहून खालपर्यंत ओढा :

```
=MATCH(G2+I2/2,$P$1:$P$4,1)
=MATCH(H2+J2/2,$Q$1:$Q$9,1)
```

पहिलं सूत्र शब्द कितव्या रकान्यात आहे ते सांगतं, दुसरं कितव्या ओळीत. शब्दाची सुरुवात न धरता त्याचा मध्य धरला आहे, कारण लांब आकडा कधी कधी रेघेला टेकतो, पण त्याचा मध्य आपल्याच रकान्यात राहतो. `$Q$9` च्या जागी तुमच्या कोष्टकाची शेवटची ओळ येईल.

शेवटी `S2` पासून खाली १, २, ३ असे ओळक्रमांक आणि `T1` पासून उजवीकडे रकानाक्रमांक इंग्रजी अंकांत लिहा. `T2` मध्ये हे सूत्र टाका आणि एंटरऐवजी कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबा :

```
=TEXTJOIN(" ",TRUE,IF(($N$2:$N$300=$S2)*($M$2:$M$300=T$1),$L$2:$L$300,""))
```

हे सूत्र उजवीकडे आणि खाली पसरवलं की कोष्टक जसंच्या तसं उभं राहतं. ‘सर्वसाधारण क्षेत्र’सारखं दोन शब्दांचं किंवा दोन ओळींत मोडलेलं शीर्षकही एका खाणीत येतं. `TEXTJOIN` एक्सेल २०१९ पासून पुढे मिळतं. त्याहून जुनं एक्सेल असेल तर कॅल्क वापरा. तयार झालेलं कोष्टक कॉपी करून नव्या शीटवर ‘फक्त मूल्यं’ म्हणून चिकटवा.

या सूत्रातून आलेले आकडे, मराठी असोत की इंग्रजी, मजकूर म्हणून बसतात आणि बेरजेत धरले जात नाहीत. रिकाम्या खाणीत `=ISNUMBER(C6)` लिहून पाहा. उत्तर `FALSE` आलं आणि आकडे मराठी असतील तर शोधा-बदला वापरून दहा आकडे एकेक करून बदला, आणि तरीही `FALSE` राहिलं तर रिकाम्या रकान्यात `=VALUE(C6)` ने खरा आकडा करून तो ‘फक्त मूल्यं’ म्हणून मूळ जागी चिकटवा. लिनक्सवर मराठी आकडे आयात करण्याआधीच एका आज्ञेत बदलता येतात : `sed -i 'y/०१२३४५६७८९/0123456789/' t2.tsv`.

आकडे बरोबर आले की नाही

नुसतं नजर फिरवून भागत नाही. कोष्टकातच तपासणीची सोय असते, ती वापरा. नमुन्याचे आकडे घेऊन सांगतो. कापूस : सर्वसाधारण क्षेत्र ४२,६०० हेक्टर, प्रत्यक्ष पेरणी ३८,९१२ हेक्टर, टक्केवारी ९१.३४. देवनागरीत १ आणि ९ यांची अदलाबदल नेहमीची आहे. पेरणी ३८,११२ अशी वाचली गेली तर आकडा अजिबात विचित्र दिसत नाही. पण शेजारच्या रिकाम्या रकान्यात पेरणी भागिले क्षेत्र गुणिले शंभर काढलं की ८९.४६ येतात, छापील ९१.३४ शी ते जुळत नाही आणि चूक त्याच ओळीत सापडते. खतसाठ्यात हेच काम वजाबाकी करते. उपलब्ध १,२८० मेट्रिक टन, विक्री ९६५, तर शिल्लक ३१५ यायलाच हवी.

पावसाच्या कोष्टकात अशी आतली तपासणी नसते, म्हणून तिथे दशांश चिन्हावर नजर ठेवा. फिक्या छपाईत बिंदू नाहीसा होतो आणि ७.२ चे ७२ होतात. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. म्हणजे एक टिंब गेलं की तुमच्या शीटमध्ये त्या मंडळात अतिवृष्टी झालेली असते, आणि हा आकडा पुढे कुणी पंचनाम्याच्या बोलण्यात वापरला तर नसता घोळ होतो. या रकान्यातल्या सगळ्या आकड्यांना एक दशांश स्थळ आहे का ते पाहा. ज्याला नाही तो मूळ चित्राशी ताडून घ्या. मागच्या आठवड्याची शीट जवळ असेल तर ‘१ जूनपासून एकूण’ मागच्यापेक्षा कमी झालेलं नाही ना, हेही बघा.

‘निरंक’, आडवी रेघ आणि रिकामी खाण या तिन्हींना सरसकट शून्य लिहू नका. ‘निरंक’ म्हणजे नोंद घेतली आणि काही नव्हतं, तिथे ० चालेल. रिकाम्या खाणीत नोंदच नसते. पानाच्या पायाशी ‘# या मंडळातील पर्जन्यमापक बंद’ अशी टीप असेल, तर तिथलं शून्य सरळ सरळ खोटं ठरतं. त्या खाणीत काहीही लिहू नका आणि कारण शेजारच्या ‘शेरा’ रकान्यात टाका.

शीटचं नाव आणि शीर्षक

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव खालच्या टॅबवर असतं आणि ते आखूड लागतं. शीर्षक शीटच्या आत `A1` मध्ये असतं आणि ते पूर्ण लागतं.

एक्सेलमध्ये टॅबचं नाव जास्तीत जास्त ३१ अक्षरांचं असतं, आणि `\ / ? * [ ] :` ही चिन्हं त्यात चालत नाहीत. म्हणून ‘२०२४/२५’ लिहिता येत नाही, ‘२०२४-२५’ चालतं. मराठीत ही मर्यादा वाटते त्याहून लवकर संपते, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला पाय मोडणारा हलन्त हे प्रत्येक जण वेगळं अक्षर म्हणून मोजले जातात. ‘तालुक्यातील मंडळनिहाय पर्जन्यमान’ हे नाव बघायला तीन शब्दांचं आहे, पण मोजणीत ३२ भरतं आणि एकाने अडतं. शंका असेल तर खाणीत नाव लिहून `=LEN(A1)` ने मोजा. कॅल्क लांब नावं चालवून घेतं, तरी फाइल कुणाच्या एक्सेलमध्ये उघडणार असेल तर ३१ ची मर्यादा पाळा.

टॅबची नावं अशी ठेवा : ‘1-मंडळनिहाय पाऊस’, ‘2-पीकनिहाय पेरणी’, ‘3-खतसाठा’, ‘4-प्रकल्पांतील पाणी’. आधीचा आकडा म्हणजे कोष्टकाचा पानावरचा क्रम, वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे. त्यामुळे शीट हातात धरून मूळ पानावर बोट ठेवता येतं. तालुका आणि आठवडा टॅबच्या नावात कोंबू नका, ते फाइलच्या नावात जाऊ द्या.

`A1` मधल्या शीर्षकात चार गोष्टी हव्यात : काय, कुठलं, कधीपर्यंतचं, कोणत्या एककात. इथे त्या डोक्या-पायाच्या चौकटी कामी येतात. समजा पानाच्या डोक्यावर अहवालाची तारीख ८ जुलै २०२४ आहे आणि खाली टीप आहे : ‘* खताचे आकडे ३० जूनअखेर’. मग पेरणीचं शीर्षक होईल ‘पीकनिहाय खरीप पेरणी, (तालुक्याचं नाव), ८ जुलै २०२४ अखेर, हेक्टर’, आणि खताचं होईल ‘खतसाठा, (तालुक्याचं नाव), ३० जून २०२४ अखेर, मेट्रिक टन’. डोक्यावरची तारीख चारही शीटवर सरसकट चिकटवली असती तर खतसाठा आठ दिवस पुढचा दिसला असता, आणि पेरणीच्या दिवसांत आठ दिवसांत कृषी केंद्रातला युरिया पार संपलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक टीप कोणत्या कोष्टकाची आहे ते तिच्या खुणेवरून (*, #) शोधा आणि त्याच शीटवर लिहा. खूण नसलेली टीप चारही शीटवर लिहा.

चौथ्या कोष्टकाला छापील शीर्षक नाही. ते रकान्यांवरून तुम्हीच बनवाल, तेव्हा `A1` मध्ये चौकटी कंसात लिहा : ‘[प्रकल्पनिहाय जलसाठा, दलघमी]’. वाचणाऱ्याला कळतं की हे शब्द पानावरचे नाहीत. खाणीत चौकटी कंस चालतो, फक्त टॅबच्या नावात चालत नाही.

`A2` मध्ये मूळ फाइलचं नाव, पान क्रमांक आणि कोष्टकाचा क्रम लिहा. `A3` मध्ये टिपा. चौथी ओळ रिकामी, पाचवीत रकान्यांची नावं आणि सहावीपासून आकडे. खाणी एकत्र जोडू नका. मूळ पानावर ‘युरिया’ या शब्दाखाली ‘उपलब्ध, विक्री, शिल्लक’ असे दोन मजली रकाने असतील तर ते एका ओळीत आणा : ‘युरिया उपलब्ध’, ‘युरिया विक्री’, ‘युरिया शिल्लक’. दोन मजली शीर्षकावर गाळणी किंवा पिव्होट लावता येत नाही. खालच्या नावाजागी वरच्यासारखीच असं सुचवणारी `"` ही खूण असेल तर तिथे पूर्ण नाव लिहा, नाहीतर क्रम बदलला की ती खूण भलत्याच नावाखाली जाते.

‘एकूण’ची छापील ओळ ठेवा, पण आकड्यांपासून एक ओळ सोडून खाली. तिच्याखाली तुमची स्वतःची `SUM` ठेवा. दोन्ही जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या तर आधी चित्राशी प्रत्येक आकडा ताडा. सगळे आकडे चित्राप्रमाणेच असतील तर छपाईतलीच बेरीज चुकलेली आहे, आणि हे शासकीय तक्त्यांत होतं. अशा वेळी छापील आकडा दुरुस्त करू नका. तो तसाच ठेवा, फरक शेऱ्यात लिहा आणि अहवाल पाठवणाऱ्या कार्यालयाला फोन करून विचारा. बऱ्याचदा कळतं की एखाद्या पिकाची ओळ पानात बसत नाही म्हणून गाळलेली असते, पण बेरजेत धरलेली असते.